पहिल्या भेटीत ‘स्वतःबद्दल सांग ना’ : किती सांगायचं, काय सांगायचं?

यावलकर: रविवारी जळगावात एका मुलीला पहिल्यांदा भेटतोय. ‘स्वतःबद्दल सांग’ म्हटलं की माझी एकतर बायोडेटासारखी यादी सुरू होते, नाहीतर दहा मिनिटं थांबतच नाही. ठिबकचे आराखडे काढतो. काय बोलू?

तापीकाठ: जन्मापासून सुरुवात करू नका. दहावी बारावीला ओढते, बारावी डिप्लोम्याला, थांबायला जागाच सापडत नाही. आजपासून सुरू करा. चार-पाच वाक्यं, फार तर चाळीस सेकंद. हुद्दा आणि कंपनी सांगितली की समोरून ‘अच्छा’ येतं आणि विषय संपतो. त्यापेक्षा कामातली एक गोष्ट जवळून दाखवा:

‘मी यावलचा. शेवटच्या झाडापर्यंत पाणी कसं पोचेल, त्याचे आराखडे काढतो. चढाचं वावर आलं की खरी मजा, वरच्या झाडाला कमी आणि खालच्याला जास्त मिळायला लागतं. सुटीला मेहरूण तलावावर पक्षी बघतो. तुझी रविवारची सकाळ कशी जाते?’

आता तिला विचारायला चढ आहे, पक्षी आहेत.

भुसावळकर: भो, पहिल्या भेटीत कामाचं नावच काढू नये. फक्त आवडीनिवडी.

तापीकाठ: पगार आणि बढती नको, हे बरोबर. पण काम गाळलं तर पाच मिनिटांत ती विचारणारच, आणि तोवर तुम्ही काहीतरी झाकताय असं वाटेल.

अमळनेरचे बापू: शेती किती, भाऊ किती, घर स्वतःचं की भाड्याचं, हे आधी स्पष्ट सांगावं. नंतर कटकट नको.

शिरपूरची लेक: बापू, ते बघण्याच्या कार्यक्रमात, तिथे मोठी माणसं विचारतात. इथे दोघंच भेटताहेत. पण तापीकाठ, तुमचा शेवटचा प्रश्न मला पटत नाही. रविवारची सकाळ कुणालाही विचारता येते, म्हणून ते पाठ केलेलं वाटतं. पक्ष्यांवर थांबा आणि चहाचा घोट घ्या. ‘चढाचं म्हणजे?’ असं तिने विचारलं तर तेव्हा उलगडून सांगा. दोनदा ‘हो का’ आलं आणि नजर कपात गेली, तर पुढे वाढवू नका.

तापीकाठ: समोरचं माणूस बुजरं असेल तर ती शांतता जड होते. प्रश्न हवाच. वाक्यं मात्र पाठ करू नका. चढ, पक्षी, प्रश्न, एवढे तीनच शब्द डोक्यात ठेवा. वाक्यं दर वेळी वेगळी आली तरच बोलल्यासारखं वाटतं.

शिरपूरची लेक: मग प्रश्न निदान तिच्या बोलण्यातून घ्या.

यावलकर: चॅटवर ती आजीच्या कळण्याच्या भाकरीबद्दल बोलली होती. पक्षी काढून ते घालू?

तापीकाठ: पक्षी राहू द्या, रविवारची सकाळ काढा. ‘आजीकडून भाकरी थापायला शिकलीस का?’ एवढंच विचारा.

शिरपूरची लेक: हे चालेल. पण घोट आधी घ्या.