एआय मॉडेलमधून एका माणसाचा डेटा काढणं: जमतं की नुसती थाप?

रोखठोक: कुणी ‘माझा डेटा मॉडेलमधून काढा’ म्हटलं की कंपन्या सांगतात, ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’. हा निव्वळ कांगावा आहे. डेटाबेसमधली ओळ उडवता येते, तर मॉडेलमधली का नाही? नाव आलं की गप्प बसायला शिकवा, विषय संपला. हक्क म्हणजे हक्क.

वजाबाकी: विषय अजून सुरूही झालेला नाही. मॉडेलमध्ये कुणाची ओळ नसते. शिकताना एकेका नोंदीनं वेट्स, म्हणजे मॉडेलच्या आतले आकडे, किंचित सरकतात आणि पुढची नोंद त्यांना तिथून पुढे सरकवते. मधलं एक सरकणं वजा कसं करणार? खात्रीचा मार्ग एकच, ती नोंद वगळून पहिल्यापासून शिकवणं. ते स्वस्तात व्हावं म्हणून २०१९ मध्ये ‘सिसा’ पद्धत आली. डेटाचे तुकडे पाडायचे, दर तुकड्यावर वेगळं मॉडेल, शेवटी सगळ्यांचं मतदान. कुणी ‘काढा’ म्हणालं की त्याचाच तुकडा पुन्हा शिकवायचा.

रोखठोक: म्हणजे उपाय आहे! मग रडता कशाला?

वजाबाकी: २० तुकडे धरा. एका बाईंच्या ४० नोंदी, कुठेही विखुरलेल्या. हिशोब करून बघा, सरासरी १७-१८ तुकड्यांत त्यांची एक तरी नोंद सापडते. म्हणजे जवळजवळ सगळंच पुन्हा. माणसागणिक तुकडे पाडले असते तर एकावर भागलं असतं, पण ते पहिल्या दिवशी ठरवावं लागतं, अर्ज आल्यावर नाही. वर प्रत्येक मॉडेलला डेटाचा विसावाच हिस्सा दिसतो, त्यामुळे अचूकता घसरते ती वेगळीच.

तिसरी घंटा: तुमचं चालू द्या. मी एका ॲपवरचं खातं बंद करून वर्ष उलटलं, अजून मेल येतात, ‘तुमची आठवण येते’ म्हणून. आधी ते थांबवा, मग वेट्सचं बघू.

वजाबाकी: ती मेलची यादी झाली हो. इथे मॉडेलबद्दल चाललंय.

तिसरी घंटा: तुम्हाला दोन गोष्टी दिसतात. मला एकच दिसते: ‘काढलं’ म्हणतात आणि काढत नाहीत.

कोरा कागद: पहिल्यापासून कशाला शिकवायचं? आम्ही ऑफिसात केलंय. त्या नोंदींवर ग्रेडियंट उलटा फिरवायचा, म्हणजे वेट्स शिकतानाच्या उलट दिशेनं सरकवायचे, लॉस, म्हणजे मॉडेलची चूक, चढेपर्यंत. नंतर विचारून बघितलं, मॉडेल ब्र काढत नाही. जरा प्रत्यक्ष काम करून बोलत जा.

वजाबाकी: लॉस कुठवर चढवलात? मॉडेलनं कधीच न पाहिलेल्या, तशाच धाटणीच्या नोंदींवर जेवढा येतो तेवढाच यायला हवा. त्याच्या खाली राहिला तर आठवण शिल्लक आहे. फार वर गेला तरी पंचाईत, कारण इतकं विचित्र अज्ञान पाहूनच कळतं की इथून कुणालातरी काढलंय. शिवाय तेच मॉडेल ४ बिटांवर आणून, म्हणजे वेट्सचे आकडे ढोबळ करून, पुन्हा विचारलंत का? २०२४ च्या एका अभ्यासात, बाकीचं ज्ञान शाबूत ठेवून विसरवलेल्या मॉडेलांमध्ये काढायच्या माहितीपैकी सरासरी २१ टक्के उरली होती. ४ बिटांवर आणल्यावर ८३ टक्के. बाकीचं बिघडू नये म्हणून वेट्स इतके थोडे हलवलेले असतात की आकडे गोल करताना जुनं नि नवं एकाच घरात पडतं.

कोरा कागद: ४ बिटांवर नव्हतं बघितलं. खूश? पण आमच्या साहेबांना डेमो हवा होता, शोधनिबंध नव्हे.

रोखठोक: इतकं करण्यापेक्षा बाहेर फिल्टर लावा ना! नाव आलं की उत्तर बंद. तुम्हाला सोपं काही सोसतच नाही.

वजाबाकी: फिल्टरला नावांची यादी लागते. म्हणजे ‘मला विसरा’ म्हणणाऱ्याचं नाव कंपनीनं कायम जपून ठेवायचं! त्याच नावाचे दुसरे लोक फुकट गप्प होतात. आणि वेट्स एकदा जाहीर झाले की फाइल उतरवून घेणाऱ्याकडे तुमचा फिल्टर नसतोच.

रोखठोक: यादी हॅश करून ठेवा, म्हणजे नावांऐवजी त्यांवरून काढलेले सांकेतिक आकडे. प्रत्येक गोष्टीत खोट काढायची म्हणजे कंपन्यांचीच वकिली.

वजाबाकी: नावांचे हॅश मोडायला नावांचा एक कोश पुरतो. आणि वकिली कुणाची म्हणता? एव्हरअल्बम या फोटो-ॲप कंपनीच्या प्रकरणात अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेनं २०२१ मध्ये फोटोंबरोबर त्यांवर बेतलेली चेहरा ओळखणारी मॉडेलंही नष्ट करायला लावली. मला तसंच हवंय.

तिसरी घंटा: एकीच्या अर्जावर अख्खं मॉडेल फेकणार? आणि माझ्याबद्दल माझ्या भावानं लिहिलेलं? ते त्याचं की माझं?

वजाबाकी: पहिल्याला ‘नाही’. तिथे परवानगीचाच घोळ होता, एका अर्जाचा मामला नव्हता. दुसऱ्यावर माझ्याकडे उत्तर नाही. चाळीस नोंदी काढल्या तरी भावाच्या पोस्टवरून मॉडेल तेच सांगेल.

कोरा कागद: मग काढल्याचा दाखला तरी कोण देणार?

वजाबाकी: नुसते वेट्स पाहून कुणीच नाही. त्या नोंदीशिवायही तेच वेट्स निघू शकतात. प्रशिक्षणाची पावलं नोंदवून ठेवली असतील तर तपासता येईल.

रोखठोक: आणि ती नोंद कोण ठेवणार? कंपनीच ना? छान.