आठवा-नववा महिना, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे: तुमच्याकडे काय झालं ते लिहा

रामबागची सून
मीच सुरुवात करते. मागच्या संक्रांतीची गोष्ट, मला 35वा आठवडा होता. सकाळी हळदीकुंकवाला म्हणून नव्या बांगड्या घालायला गेले तर मनगटावरून सरकेचनात, दिवाळीत त्याच मापाच्या आरामात गेल्या होत्या. अंगठी साबण लावून काढली. सासूबाई म्हणाल्या दिवस भरत आले की अंग सुजतंच, मलाही तेच वाटलं. पण सकाळी उठल्याउठल्या पापण्याही सुजलेल्या होत्या ते कुणी मनावर घेतलं नाही, मीसुद्धा नाही.

संध्याकाळी सातला डोकं धरलं. आठला पॅरासिटामॉल घेतली, साडेनऊपर्यंत काडीचा फरक नाही, उलट बरगडीखाली उजव्या बाजूला दुखायला लागलं, आम्ही म्हटलं तिळगूळ जास्त झाला, ॲसिडिटी. मग टीव्हीच्या खालची पट्टी वाचताना अक्षरं एकमेकांवर चढायला लागली आणि ट्यूबलाइटच्या बाजूला चमचम. अहो म्हणाले सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, नऊच दिवसांपूर्वी तर दाखवलंय, बीपी 130/84 होतं. शेजारच्या काकांकडे बीपीचं मशीन आहे म्हणून सहज लावलं तर 168/112. काका म्हणाले जिना चढून आलीस, जरा बस. दहा मिनिटं बसून परत लावलं, 164/110.

सव्वाअकराला हॉस्पिटलात. लघवीत पट्टी बुडवली, प्रोटीन तीन प्लस. प्रीएक्लॅम्पसिया म्हणाले, म्हणजे गरोदरपणातला बीपी वाढण्याचा आजार. आधी बीपी उतरवायचं औषध, मग मॅग्नेशियमचं इंजेक्शन, ते शिरेतून जाताना अंगाची नुसती भट्टी झाली, कंबरेवर दोन्हीकडे वेगळी इंजेक्शनं. लघवीची नळी लावली, सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन गुडघ्यावर हातोडी मारून बघायची. प्लेटलेट 92 हजार निघाले. पहाटे पाचला सीझर, मुलगी 1.9 किलो, नऊ दिवस काचेत होती. आता छान आहे. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही, तिसऱ्या महिन्यात माझं बीपी 100/70 होतं, म्हणजे ते 130/84 माझ्यासाठी नॉर्मल नव्हतंच ना?

सुदामानगरची मावशी
अगं इतकं घाबरवू नका पोरींना. माझे दोन्ही वेळेला पाय हत्तीसारखे सुजले होते, चप्पल जायची नाही, आईने मीठ तोडलं, डाव्या कुशीवर झोपवलं, दोन्ही नॉर्मल झाल्या. सूज नसली तर काळजीचं कारणच नाही आणि असली तर मीठ कमी करायचं.

निवृत्त सिस्टर
ताई, डाव्या कुशीचं ठीक आहे, बाकीचं नाही. मी तीस वर्षं लेबर रूममध्ये काढली. पायाला अजिबात सूज नसलेली पोर झटके येत स्ट्रेचरवरून आलेली मी स्वतः बघितलीय. संध्याकाळी पाय सुजतात, रात्रभर वर ठेवले की सकाळी उतरतात, ते बहुतेकींना होतं. सकाळी उठताना तोंड आणि बोटं सुजलेली असणं वेगळं. आणि मीठ तोडल्याने हा आजार थांबत नाही, उगाच जेवण नको होतं.

रामबागच्या ताई, तुमची शंका बरोबर आहे. 130/84 ला कुणी आजार म्हणणार नाही, आमची रेघ 140/90 ला असते, पण 100 वरून 130 वर गेलेल्या बाईला महिन्याने नाही, दोन-चार दिवसांत परत बोलवायचं असं मी तरी म्हणायचे. सगळे डॉक्टर नाही म्हणत.

160/110 च्या वर सकाळची वाट बघायची नसते. त्या प्रेशरला मेंदूतली नस फुटू शकते, वार सुटू शकते, झटका कधी येईल ते सांगता येत नाही. मॅग्नेशियम बीपीसाठी नसतं बरं का, झटक्यांसाठी असतं. हातोडी अशासाठी की ते जास्त झालं तर आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वासावर येतं. पण हे सगळं वेळ काढायला असतं, आजार खरा उतरतो तो बाळ आणि वार बाहेर आल्यावरच. म्हणून 35व्या आठवड्यात सीझर केलं.

आणि फोनवर नुसतं डोकं दुखतंय सांगू नका, समोरचा गोळी सांगून फोन ठेवतो. एका दमात सांगा: पस्तिसावा आठवडा, गोळीने डोकं थांबलं नाही, धूसर दिसतंय, बीपी एवढं.

पलासियाकर
मला कॉलेजपासून मायग्रेन आहे, सातवा महिना चालू आहे, यात कोणती गोळी चालते? आधी असं झिगझॅग दिसायचंच.

निवृत्त सिस्टर
गोळीचं नंतर. पाचवा महिना उलटला की जुन्या मायग्रेनवालीनेही आधी बीपी बघायचं, लघवी तपासायची. दोन्ही चांगलं आलं तर मायग्रेन म्हणा. घरातली जुनी मायग्रेनची गोळी मनाने घेऊ नका, त्यातल्या काही नसा आवळतात.

देवासचा जावई
आमचं तर बाळंतपण झाल्यावर झालं. सीझरनंतर बायको माहेरी, सहाव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. सगळे म्हणाले पाठीत सुई दिलीय तिचं आहे, फोनवर एका ठिकाणी विचारलं तर त्यांनीही तेच सांगितलं, पाणी पी, कॉफी पी. नंतर कळलं सुईचं डोकं आडवं झालं की हलकं होतं, हिचं आडवं असतानाही तसंच होतं. रात्री दोनला दातखीळ बसली, हातपाय ताठ, तोंडाला फेस. सासूबाई चमचा घालायला धावल्या, मेहुण्याने चप्पल हुंगवली. नशीब चमचा आत गेला नाही. मी तिला कुशीवर वळवलं आणि 108 ला फोन लावला. बाळ झाल्यावर हे होतं हे आम्हाला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर टाके आणि दूध एवढंच.

निवृत्त सिस्टर
कुशीवर वळवलंत तेच बरोबर. बाळंतपणानंतरचा पहिला आठवडा सांभाळायचा, सहा आठवड्यांपर्यंतही येऊ शकतं. कुठल्याही हॉस्पिटलात गेलात तरी दारातच सांगायचं, सहा दिवसांची बाळंतीण आहे, नाहीतर ते मिरगी म्हणून बघतात.

सुदामानगरची मावशी
हे बाळंतपणानंतरचं खरंच ठाऊक नव्हतं. पण ही घरची मशीनं खरं दाखवतात का? आमचं दर वेळी वेगळंच दाखवतं.

निवृत्त सिस्टर
दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा, लहान पट्ट्याने आकडा फुगतो. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, हात छातीच्या उंचीला. पण या आजारात काही मशीनं कमीही दाखवतात, म्हणून आकडा चांगला आला आणि डोळ्यांपुढे अंधारी आहे तर आकड्यावर जाऊ नका, दाखवाच.

रामबागची सून
आता घरात दुसऱ्याचा विषय निघतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या बाराव्या आठवड्यानंतर रोज रात्री ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करू, त्याने धोका कमी होतो, पण परत होणारच नाही असं नाही. अहो नको म्हणतात, त्यांना तो टीव्हीचा प्रसंग आठवतो. दिवाळीला बीपी मोजलं तर 136/88 आलं, बाळंतपणाला नऊ महिने झाल्यावर. कुणाचं एवढ्या दिवसांनी असं राहिलंय का, आणि फिजिशियनकडे गेलात की बाईंकडेच?