टेनिस एल्बो : आधी ग्रिप बदलू की तारा?

वय ४४, परभणीत हौशी टेनिस, एकहाती बॅकहँड. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दुखतं, भरलेला तांब्या उचलतानाही. मुंग्या-बधिरपणा नाही, मानही ठीक. डॉक्टरांनी टेनिस एल्बोच सांगितलं.

खेळ बंद आहे. एक किलोचं डंबेल दुसऱ्या हातानं वर नेऊन दुखऱ्या मनगटानं सावकाश खाली सोडतो, १५ वेळा, तीन फेऱ्या. फरक आहे, पण बॅकहँडची नक्कल केली की कळ येतेच.

रॅकेट ३०० ग्रॅम, पॉलिएस्टर तारा, ताण ५५ पौंड. पकडल्यावर बोटं आणि तळहातात दुसऱ्या हाताचं बोट मावत नाही, म्हणजे मूठ बारीक. ओव्हरग्रिप घरी चढवता येईल. तारांसाठी मात्र रॅकेट संभाजीनगरला पाठवावी लागते. नवी रॅकेट सध्या नकोच.

नुसत्या ओव्हरग्रिपनं भागेल, की मल्टिफिलामेंट तारा ४८-५० पौंडांवर लावूनच पुन्हा कोर्टावर उतरावं?