मदत हवी आहे: फ्रेम लहान घेतली तरी प्लसची काच तेवढीच जाड!

भिंगरी
माझा नंबर लहानपणापासून प्लसचा. आता उजवा +५.५०, डावा +५.२५, पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर ६० मि.मी. आधीची फ्रेम मोठी होती, दांडीच्या आत ५४-१८ लिहिलंय. काच १.६० इंडेक्सची, मध्यभागी ६.६ मि.मी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर चष्मा ठेवला तर ४१ ग्रॅम! संध्याकाळपर्यंत नाकावर दोन लाल खड्डे पडायचे आणि डोळे माशासारखे मोठे दिसायचे ते वेगळंच.

"लहान फ्रेम घे, काच पातळ होते" असं सगळीकडे ऐकलं. म्हणून गेल्या महिन्यात ४६-२० ची गोलसर, पूर्ण कड असलेली फ्रेम घेतली. इंडेक्स तोच. चष्मा आला, मापून घेतला, तर मधली जाडी परत ६.६! वजन ३५. दुकानदार म्हणतात, "मॅडम, नंबरच तसा आहे, १.७४ घ्या." ती काच दुपटीहून महाग पडतेय. पैसे घालण्याआधी विचारतेय, लहान फ्रेमचा फायदा गेला कुठे?

आप्पा_चिंचवड
अहो, प्लसचा नंबर म्हणजे चाळिशीच ना? त्याला एवढा खर्च कशाला? मी कोपऱ्यावरून तयार मिळणारा घेतो. वाचताना लावायचा, नाहीतर खिशात.

भिंगरी
आप्पा, मी एकोणतिशीची आहे हो. हा दूरचा-जवळचा दोन्हीचा नंबर आहे, दिवसभर लागतो.

सह्यकडा
दुकानदार बरोबर सांगतोय. इंडेक्स जितका वर तितकी काच पातळ, आणि पातळ म्हणजे हलकी. माझा मायनस ७ आहे. १.७४ घेतल्यावर कडेची जाडी एकदम उतरली. फ्रेमही लहान घेतली होती, तिचा तर लगेच फरक दिसला. तुमच्याकडे का नाही झाला कळत नाही.

काचकाम
सह्यकडा, तुमच्या आणि भिंगरीताईंच्या काचेतला फरकच या प्रश्नाचं उत्तर आहे. मायनसची काच मधे पातळ, कडेला जाड. फ्रेम लहान केली की जाड भागच कापून जातो. प्लसची काच इडलीसारखी असते. इडली चहूबाजूंनी कापून लहान केली तरी मधली जाडी तेवढीच राहणार. लहान इडली हवी असेल तर साचाच लहान घ्यावा लागतो.

ताई, काच ज्या पाकिटातून आली ते मिळालं का? त्यावर व्यास लिहिलेला असतो.

दुसरं, चष्म्याची कानाकडची कड बघा. प्लसच्या काचेत सहसा तीच सगळ्यात पातळ असते, कारण नंबरचा मध्य नाकाकडे सरकलेला असतो. ती किती भरते?

भिंगरी
पाकीट मागून आणलं. व्यास ७० लिहिलाय. कानाकडची कड ३ मि.मी.हून थोडी जास्तच आहे.

काचकाम
मग झालं निदान. तुम्हाला तयार साठ्यातली ७० ची काच कापून बसवली आहे. ७० च्या टोकाला कड साधारण १ मि.मी. राहावी म्हणून कारखान्याने मध्य ६.६ ठेवला. तुमच्या फ्रेमला एवढी काच लागतच नाही.

हिशोब बघा. काचेची रुंदी ४६ आणि नाकावरच्या पुलाचे २० मिळून ६६. त्यातून पीडी ६० गेली, उरले ६. म्हणजे प्रत्येक काच ३ मि.मी. नाकाकडे सरकवायची. फ्रेमचं सगळ्यात लांब माप ४८ धरलं तर ४८ अधिक ३ दुणे ६, असा ५४ चा व्यास पुरतो. घासायला जरा वाढवून ५५. त्या व्यासाला तुमच्या नंबरची १.६० ची काच मधे सुमारे ४.५ भरते. हे माझं पाठ झालेलं गणित आहे, कारखान्याच्या आकड्यात थोडं इकडेतिकडे होईल.

तुमच्या त्या जुन्या ५४-१८ ला मात्र ७० खरंच लागत होता. तिथे ६ मि.मी. सरकवणं होतं.

आता गंमत म्हणजे, ७० च्या व्यासात १.६७ जरी घातली तरी मध्य ६ च्या आसपास. आणि ५५ मधे साधी १.५० घातली तर ५.२. म्हणजे आधी व्यास, मग इंडेक्स. १.७४ पातळ असते खरी, पण तिचं साहित्य जड आहे. घनता १.४७ च्या आसपास, १.६० ची १.३०. त्यामुळे जाडी जितकी उतरते तितकं वजन उतरत नाही. शिवाय कडेने बघताना रंगाच्या रेघा जास्त दिसतात.

सह्यकडा
मला रेघा कधी दिसल्या नाहीत बुवा.

काचकाम
सगळ्यांना जाणवत नाहीत. माझ्याकडे एकाने त्याच कारणासाठी १.६७ परत केली होती.

मोगरा
मधेच घुसते. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला +६ आहे. वर्षभर पुरेल म्हणून आम्ही जरा वाढत्या अंगाची फ्रेम घेतली. म्हणजे हीच चूक झाली का?

काचकाम
हो ताई, चष्मा स्वेटरसारखा वाढता घ्यायचा नसतो. बाहुली फ्रेमच्या मधोमध येईल अशी घ्या. सरकवणं शून्याजवळ आलं की काच आपोआप आटोपशीर होते. मुलांना पॉलिकार्बोनेट बरी, फुटत नाही सहसा आणि हलकी असते.

भिंगरी
आणि अॅस्फेरिकचं काय? दुकानदार म्हणतात, "तुमची आहेच अॅस्फेरिक." तरी डोळे मोठेच दिसतात.

काचकाम
साध्या प्लसच्या काचेला पुढे पोट ठेवावं लागतं. ते सपाट केलं तर कडेने बघताना धूसर दिसतं. अॅस्फेरिकमधे पुढचा बाक कडेकडे जाताना हळूहळू बदलत नेलेला असतो, म्हणून पोट कमी करूनही कड स्वच्छ राहते. त्याने जाडी थोडीच कमी होते, तुमच्या नंबरला अर्ध्या मि.मी.च्या आसपास. खरा फायदा म्हणजे काच फ्रेमच्या बाहेर फुगत नाही, डोळ्याच्या जवळ बसते आणि डोळे कमी मोठे दिसतात. पण +५.५० आहे तो आहे, थोडे मोठे दिसणारच.

तपासायचं असेल तर दुकानात तीन पिनांचं लेन्स क्लॉक असतं. पुढच्या बाजूला आधी मधे टेकवायचं, मग कडेला. काटा हलला तर पुढची बाजू अॅस्फेरिक. नाही हलला तरी लगेच भांडू नका, काही काचांत ते काम मागच्या बाजूला केलेलं असतं.

आणि अॅस्फेरिकला मध्य चुकलेला चालत नाही. दोन्ही डोळ्यांची पीडी वेगवेगळी घेतली होती का? उंची फ्रेम चेहऱ्यावर चढवून खूण केली होती का?

भिंगरी
नाही. एकच ६० लिहिली, उंची तर विचारलीच नाही. पायऱ्या उतरताना जरा विचित्र वाटतं, त्याचं हे कारण असेल?

काचकाम
असू शकतं, बघितल्याशिवाय सांगत नाही. नवी फ्रेम म्हणूनही आठवडाभर तसं वाटतं.

आता असं करा. साठ्यातली नको, ऑर्डरने घासून घ्या. कारखान्याला फ्रेमचा आकार पाठवायला सांगा, आणि पर्चीवर "या फ्रेमपुरती कमीत कमी जाडी" असं स्पष्ट लिहून घ्या. फ्रेमच पाठवली तर उत्तम. पूर्ण कडेची फ्रेम आहे म्हणून १ मि.मी. कड चालेल. सुप्रा, म्हणजे खालून दोऱ्याने काच धरणारी फ्रेम असती, तर दोऱ्याच्या खाचेसाठी कड जाड ठेवावी लागली असती.

सह्यकडा
ऑर्डरची महाग पडते ना पण?

काचकाम
साठ्यातल्या १.६० पेक्षा महाग, १.७४ पेक्षा स्वस्त. आमच्याकडे तरी.

भिंगरी
आज जाऊन आले. आधी "असं कोणी करत नाही" म्हणाले. कड मोजून दाखवली तेव्हा कारखान्याला फोन लावला. फ्रेम पाठवायची ठरलीय, चार-पाच दिवस लागतील. जुन्या काचांचे निम्मे पैसे वळते करतो म्हणालेत, त्यावर अजून घासाघीस चालू आहे. पीडी परत घेतली, उजवी ३०.५, डावी २९.५. तोवर ४१ ग्रॅमवाला नाकावर. आला की काट्यावर ठेवून आकडा इथे टाकते.

काचकाम
२७-२८ च्या वर भरला तर कड मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.