उत्तर: मशीनने केलेलं शीर्षक तपासायचं कसं?

> "तासगावच्या बेदाण्याची आणि मनुक्याची वेबसाइटवरची पानं इंग्रजीत टाकतोय. मशीनचं भाषांतर परत मराठीत उलटवून बघितलं, बरोबर येतंय. टाकून देऊ का?"

दादा, थांबा जरा. उलटवून बघण्याने नेमकी हीच चूक लपते. मशीनला शब्द अडला की ते तो तसाच इंग्रजी अक्षरांत उतरवतं. `Tasgaon Manuka` उलटवलं की पुन्हा 'तासगाव मनुका' येणारच. पण इंग्रजीत मनुका म्हटलं की लोकांना न्यूझीलंडचं झुडूप आणि त्याचा महागडा मध आठवतो. मध शोधणारा तुमच्या पानावर येईल, द्राक्षं बघून वैतागेल.

शीर्षकात हे जास्त होतं, कारण दोन-तीन शब्दांत मशीनला संदर्भच मिळत नाही. खाली वर्णनात 'वाळवलेली द्राक्षं' असं पूर्ण वाक्य असलं की तिथं बरोबर येतं. म्हणून आधी शीर्षक आणि वर्णन शेजारी ठेवून बघा, दोन्हीकडं वस्तूचं नाव एकच आहे का. मग नुसतं इंग्रजी शीर्षक सर्चमध्ये टाकून फोटो बघा. मधाच्या बाटल्या दिसल्या तर समजून जा. शिवाय माल न पाहिलेल्या, मराठी न येणाऱ्या माणसाला ते वाचायला द्या आणि विचारा, "पाकिटात काय येईल?"

दुरुस्ती मात्र मराठीतच करा. 'मनुका पाव किलो' ऐवजी 'वाळवलेली काळी द्राक्षं, बियांसह, २५० ग्रॅम' लिहा आणि भाषांतर पुन्हा काढा. 'बियांसह' आणि 'बिनबियांचे' हे मात्र दर वेळी डोळ्यांनी तपासा. तिथं उलटं झालं तर माल परत येतो.