'प्रमाण त्रुटी' म्हणजे नक्की कोणाची चूक?

चांदणवेल: मी वर्षभर चढ्या भावाच्या पैजा लावून नोंदवही ठेवली. 400 पैजा, प्रत्येकी 1 एकक, भाव दहाचा (जिंकल्यास मुद्दल धरून 10 परत). 45 लागल्या, म्हणजे 50 एकक नफा, यील्ड साडेबारा टक्के. एकाने वही पाहून 'प्रमाण त्रुटी 15 टक्के' असं सांगितलं. माझी बेरीज चुकली का?

भुईमूग: यील्डला 'उतारा' हा चांगला शब्द आहे की. आमच्यात एकरी उतारा म्हणतात. पण त्यात त्रुटी म्हणजे वजनकाटा खराब असणार.

खडूफळा: काटा बरोबर आहे, बेरीजही. इथे 'त्रुटी' म्हणजे उणीव किंवा दोष नव्हे, निव्वळ नशिबाने आकडा किती हलू शकतो त्याचं माप. भाव रास्त मानला तर दहातली एक पैज लागते, म्हणजे 400 मध्ये 40. ही संख्या नशिबाने साधारण 6 ने वरखाली होते. तुमच्या 45 आल्या, म्हणजे फक्त 5 जास्त. एका जिंकलेल्या पैजेचे 10 एकक, म्हणून 6 पैजांचे 60, आणि 400 वर 60 म्हणजे 15 टक्के. काहीही न कळणारे पाच जण असेच खेळले, तर त्यातला एखादा तुमच्याइतका किंवा जास्त कमावेल.

उंबरठा: म्हणजे कौशल्य नाही हे सिद्ध झालं.

खडूफळा: तसं नाही. 12 टक्क्यांचं खरं कौशल्य असलेल्याचा आकडाही एवढाच हलेल. वहीवरून दोघांत फरक करता येत नाही, एवढंच. दोनच्या भावाने 400 खेळले असते तर त्रुटी 5 टक्के असती, तेव्हा साडेबारा बोलला असता. दहाच्या भावावर साडेबारा टक्के दोन त्रुटींएवढे, म्हणजे निव्वळ नशिबाने सहसा न येणारे, व्हायला सुमारे 2300 पैजा लागतील. शिवाय भावात बुकीचा वाटा असतो, त्यामुळे आंधळेपणाने खेळणाऱ्याची सरासरी शून्याच्याही खाली असते. तुलना तिथून करायची, हे तुमच्या बाजूचं.

उंबरठा: मग पैजा दुप्पट केल्या की त्रुटी निम्मी?

खडूफळा: निम्मी व्हायला चौपट लागतात.

चांदणवेल: आणखी जवळपास पाच वर्षं थांबायची तयारी नाही. दुसरा मार्ग?

खडूफळा: प्रत्येक पैजेसमोर तुम्ही घेतलेला भाव आणि सामना सुरू होण्याच्या क्षणी बंद झालेला भाव लिहा. दहाला घेतलेला सतत नऊवर बंद होत असेल, तर कौशल्य आहे हे हरजितीपेक्षा लवकर कळतं, कारण त्यात नशिबाची उडी फार लहान असते. मात्र ज्या बाजारात उलाढालच थोडी, तिथला बंद भावही भरवशाचा नसतो.

भुईमूग: 'त्रुटी' शब्दच बदला. 'प्रमाण हेलकावा' कसा वाटतो?

खडूफळा: अर्थ बरोबर बसतो, पण 'प्रमाण विचलन' आधीच आहे, आणि ते एका पैजेचं माप. हेलकावा ऐकला की दोन्ही एकच वाटतील.

चांदणवेल: मी तरी वहीत 'हेलकावा 15' लिहिलंय. बंद भावाचा रकाना आजपासून.