मदत हवी आहे: फेनिटॉइन 100 चा तुटवडा, वितरकाला पर्याय कसा मागावा?

मृण्मयी_फ

नमस्कार. औषधविक्रीत किंवा घाऊक पुरवठ्यात असलेल्यांचा सल्ला हवा आहे. फेनिटॉइन सोडियम 100 मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या मिळेनाशा झाल्या आहेत. वितरक "शॉर्ट आहे" एवढंच सांगतो. अपस्माराचे 14 नेहमीचे रुग्ण आमच्याकडून ही गोळी नेतात. 12 जण दिवसाला तीन घेतात, दोघं दोन, म्हणजे रोजच्या 40 गोळ्या झाल्या. शिल्लक आहेत 480.

वितरकाला हा मेसेज पाठवायचा विचार आहे:

"फेनिटॉइन 100 संपत आलं आहे. 3000 गोळ्या तातडीने पाठवा. नसल्यास जो पर्याय असेल तो पाठवा. खूप अर्जंट आहे."

पाठवायच्या आधीच थांबले, कारण फोनवर त्यांचा माणूस म्हणाला, "50 च्या चघळायच्या गोळ्या पडून आहेत. एकाऐवजी दोन द्या, हिशोब तोच." मला तो हिशोब पटत नाहीये, पण नेमकं कुठे चुकतंय तेही सांगता येत नाहीये. मेसेज कसा लिहावा?

सदा_काउंटर

हिशोब बरोबर आहे की. 50 दुणे 100. औषध एकच आहे, कंपनी बदलली तर बदलली. रक्तदाबाच्या गोळ्यांत आपण हे रोज करतो, कोणाला काही झालेलं नाही. लोकांना गोळी न मिळण्यापेक्षा दोन चघळलेल्या बऱ्या. मेसेज आहे तसा पाठवा आणि फोन करून मागे लागा.

निशिगंध

मी रुग्णालयाच्या औषध विभागात आहे. सदा, रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, पण फेनिटॉइन त्या जातीचं औषध नाही.

मृण्मयी, आधी त्या 50 च्या गोळीचं लेबल वाचा. त्यावर "फेनिटॉइन सोडियम" आहे की नुसतं "फेनिटॉइन"? चघळायच्या गोळ्यांत आणि पातळ औषधात बऱ्याचदा नुसतं फेनिटॉइन असतं, सोडियमचा क्षार नसतो. 100 मिलिग्रॅम फेनिटॉइन सोडियममध्ये प्रत्यक्ष फेनिटॉइन 92 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे दिवसाला तीन गोळ्या घेणाऱ्याच्या पोटात आज 276 मिलिग्रॅम जातं. त्याला चघळायच्या सहा दिल्या तर पूर्ण 300 जाईल. फरक 24 मिलिग्रॅमचा, साधारण नऊ टक्के.

नऊ टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण हे औषध मोडून बाहेर टाकण्याची यकृताची ताकद एका मर्यादेनंतर संपते. त्या मर्यादेजवळ असलेल्या माणसाचा डोस थोडा वाढवला तरी रक्तातली पातळी त्या प्रमाणात न वाढता एकदम वर चढते. साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या पट्ट्यात ती ठेवायची असते. जो आधीच 18 वर आहे, तो सहज पट्ट्याबाहेर जाईल. आणि हे दुसऱ्या दिवशी दिसत नाही. पातळी स्थिर व्हायला आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मग माणूस झोकांड्या खात चालायला लागतो, डोळ्यांची बुबुळं थरथरतात, बोलणं जड होतं, आणि घरच्यांना वाटतं अशक्तपणा आला. उलट बाजूने पातळी घसरली तर झटके परत येतात.

1968 मध्ये ऑस्ट्रेलियात याच औषधाच्या कॅप्सूलमधला भरावाचा पदार्थ बदलला होता. कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं, औषधाचा डोस तोच राहिला, तरीही कित्येक रुग्णांना विषबाधेची लक्षणं दिसली, कारण शोषण वाढलं. म्हणून वितरकाला "जो पर्याय असेल तो" असं लिहू नका. ते वाक्य वाचून तो पातळ औषधही पाठवेल आणि दीर्घकाळ विरघळणाऱ्या कॅप्सूलही पाठवेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

आरवची_आई

माझ्या मुलालाही फिटचं औषध चालू आहे, व्हॅल्प्रोएट. मागे आम्हालाही मिळालं नव्हतं, दुकानदार म्हणाले दोन दिवस थांबा, आम्ही फार घाबरलो होतो. मृण्मयीताई, तुमच्याकडच्या लोकांना फेनिटॉइन मिळत नसेल तर व्हॅल्प्रोएट चालेल का? दोन्ही फिटचीच औषधं ना? माझ्याकडे दोन बाटल्या जास्तीच्या आहेत, मी द्यायला तयार आहे.

निशिगंध

ताई, तुमचं मन मोठं आहे, पण बाटल्या आरवसाठीच ठेवा. दोन्ही औषधं फिटसाठी असली तरी एकाच्या जागी दुसरं ठेवता येत नाही. नवं औषध हळूहळू चढवावं लागतं, जुनं हळूहळू उतरवावं लागतं, आणि तो बेत डॉक्टरच करतात. शिवाय मूल होण्याच्या वयातल्या मुलींना आणि बायकांना व्हॅल्प्रोएट देताना गर्भाला असलेल्या धोक्याचा फार विचार करावा लागतो. आणि तुमच्यासाठी एक गोष्ट: पुन्हा कोणी "दोन दिवस थांबा" म्हणालं तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. हे औषध अचानक तुटलं तर न थांबणारे झटके येऊ शकतात.

वखारवाले_अण्णा

माझं आयुष्य घाऊक औषधांच्या वखारीत गेलं. आता निवृत्त आहे. मृण्मयीताई, तुमचा मेसेज दुसऱ्या टोकाला कसा वाचला जातो ते सांगतो.

तुटवड्यात सगळ्याच मेसेजांवर "अर्जंट" असतं, म्हणून तो शब्द कोणी वाचतच नाही. मग नजर जाते आकड्यावर. तुमचा महिन्याचा खप 1200 आहे आणि तुम्ही 3000 मागताय. मागची बिलं समोर असतात, त्यामुळे वितरकाला लगेच कळतं की हा साठा करायला निघालाय. वर तुम्ही तीच ऑर्डर आणखी दोघा वितरकांकडे टाकली असेल, तर कंपनीला मागणी तिप्पट दिसते, आणि कंपनी सरळ सगळ्यांना मागच्या खपाच्या प्रमाणात वाटून देते. फुगवलेल्या आकड्याने हातात काही जास्त पडत नाही, विश्वास मात्र जातो.

खरा खप लिहा, शिल्लक लिहा, माल कोणत्या तारखेला संपतो ते लिहा. रुग्णांची संख्या लिहा, नावं लिहू नका. आणि ज्यांचं उत्तर हो, नाही किंवा तारीख असंच येईल असे प्रश्न विचारा. "कधी येईल?" म्हटलं की "लवकरच" येतं. "पुढची बॅच कंपनीतून निघाली आहे का? आमच्या वाट्याला किती?" असं विचारलं की माणसाला स्क्रीन उघडून बघावंच लागतं. दुसऱ्या डेपोत माल पडला आहे का, त्याच कंपनीचं दुसरं पॅकिंग आहे का, जवळच्या एक्स्पायरीचा म्हणून बाजूला काढलेला माल आहे का, हेही विचारा. एक्स्पायरी तीन महिन्यांवर असलेला माल वखारीला नको असतो, पण तुमच्याकडे तो दोन आठवड्यांत संपणार आहे.

सदा_काउंटर

निशिगंध, क्षाराचा मुद्दा मला माहीत नव्हता, पटला. पण मग दुसऱ्या कंपनीची फेनिटॉइन सोडियम 100 चीच साधी गोळी मिळाली तर? तीही नको म्हणायचं? असं केलं तर रुग्ण उपाशीच राहील.

निशिगंध

नाही, ती घ्यायची. क्षार तोच, ताकद तीच, विरघळण्याची पद्धत तीच असेल तर बहुतेकांना काही होत नाही. पण मी डॉक्टरांना कळवल्याशिवाय देणार नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी पातळी तपासायची का ते त्यांना विचारेन.

वितरकाला मात्र एक गोष्ट जरूर विचारा: हा दुसऱ्या कंपनीचा माल सलग किती महिने मिळेल? या महिन्यात एक कंपनी, पुढच्या महिन्यात दुसरी, मग परत जुनी, असं झालं तर रुग्णाची पातळी दर वेळी नव्याने हलते. एकदाच बदलून तिथेच टिकणं यापेक्षा कितीतरी बरं.

वखारवाले_अण्णा

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. तुटवड्याच्या काळात तीन महिन्यांची हमी कोणताही वितरक लेखी देणार नाही. तोंडी देईल, आणि त्या शब्दाला अर्थ नाही. त्यापेक्षा 14 रुग्णांना तीन महिने पुरतील एवढ्या गोळ्या एकाच बॅचच्या, एकदम द्या, असं मागा. ते वितरकाच्या हातात असतं.

निशिगंध

पण अण्णा, मग तुम्हीच म्हणालात तो साठेबाजीचा प्रश्न परत येतो. एका दुकानाने तीन महिन्यांचं उचललं की पलीकडच्याचे रुग्ण कोरडे.

वखारवाले_अण्णा

खरं आहे. याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

मृण्मयी_फ

सगळ्यांचे मनापासून आभार. लेबल पाहिलं, 50 च्या गोळीवर नुसतं "फेनिटॉइन" आहे. नको म्हणून कळवलं. मेसेज पुन्हा लिहिला:

"फेनिटॉइन सोडियम 100 मिलिग्रॅम, साधी गोळी. रुग्ण 14, रोजचा खप 40, महिन्याचा 1200, मागच्या तीन महिन्यांची बिलं तुमच्याकडे आहेत. शिल्लक 480, म्हणजे आजपासून 12 दिवस. मागणी 1200, ही ऑर्डर फक्त तुमच्याकडे आहे.
1. पुढची बॅच कंपनीतून निघाली आहे का? आमच्या वाट्याला किती आणि कोणत्या तारखेला?
2. दुसऱ्या डेपोत, दुसऱ्या पॅकिंगमध्ये किंवा जवळच्या एक्स्पायरीचा हाच माल आहे का?
3. दुसऱ्या कंपनीची फेनिटॉइन सोडियम 100 ची साधी गोळी असल्यास लेबलचा फोटो, बॅच, एक्स्पायरी आणि किती महिने सलग देऊ शकाल ते कळवा.
चघळायची गोळी, पातळ औषध, दीर्घकाळ विरघळणारी कॅप्सूल किंवा दुसरं औषध आम्हाला विचारल्याशिवाय पाठवू नये. माल नसेल तर 'नाही' असं आज संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणजे आम्ही डॉक्टरांशी बोलू."

वखारवाले_अण्णा

शेवटचं वाक्य उत्तम. स्पष्ट नकार वेळेवर मिळाला तर तोही उपयोगाचा असतो. तोवर शिल्लक कशी वाटणार आहात? सगळ्यांना महिन्याचं दिलंत तर तीन गोळ्यावाले पहिले पाच जण 450 नेतील आणि उरलेल्या नऊ जणांना 30 गोळ्या राहतील.

मृण्मयी_फ

प्रत्येकाला सात दिवसांचं देतेय, त्यात 280 जातील आणि 200 हातात राहतील, म्हणजे सगळ्यांसाठी आणखी पाच दिवस. प्रत्येकाला घरात किती गोळ्या आहेत तेही विचारतेय. आज दोघांकडे पंधरवड्याचं निघालं, त्यांनी आपणहून या खेपेला नको म्हटलं.

निशिगंध

डॉक्टरांशी बोलायला बारावा दिवस उजाडू देऊ नका. औषध बदलायचंच ठरलं तर जुनं उतरवत न्यायला गोळ्या लागतात, आणि त्या याच 480 मधून येणार आहेत. 200 ना शक्यतो हात लावू नका.

मृण्मयी_फ

हे लक्षात आलं नव्हतं. उद्या सकाळी सगळ्या डॉक्टरांना यादी पाठवते.

वितरकाचं उत्तर आलं. पहिल्याला "बॅच निघालेली नाही". दुसऱ्याला "दुसऱ्या डेपोत 300 गोळ्या, एक्स्पायरी चार महिन्यांवर, परवा मिळतील". तिसऱ्याला लेबलचा फोटो आला आहे, त्यावर "फेनिटॉइन सोडियम 100" आहे, पण साधी की दीर्घकाळ विरघळणारी ते फोटोत कापलं गेलंय. पूर्ण फोटो मागितला आहे. किती महिने सलग देतील, यावर काहीच बोललेले नाहीत.